दिवाळीचा डबा घरी आला, आईने ठेवून घेतला, आता काय?

प्रश्न : मी केंद्र सरकारच्या एका बांधकाम कार्यालयात कनिष्ठ अभियंता आहे (गट ब, अराजपत्रित). धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मी साइटवर असताना आमच्या एका कंत्राटदाराचा माणूस घरी डबा देऊन गेला. त्यात काजूकतली, सुकामेवा आणि चांदीची दोन निरांजनं आहेत, अंदाजे आठ-नऊ हजारांचा ऐवज असेल. आईला काही माहीत नव्हतं, तिने घेतला आणि चार वड्या नैवेद्याला काढल्या. याच कंत्राटदाराचं गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं दुसरं आर.ए. बिल, म्हणजे काम चालू असतानाचं बिल, माझ्याकडे मोजमापासाठी आहे. मी काहीही मागितलेलं नाही. सहकारी म्हणतात, "पाच हजारांपर्यंत चालतं, मिठाई ठेव, चांदी परत कर." हे बरोबर आहे का? भेट कुठे संपते आणि लाच कुठे सुरू होते?

उत्तर :

तुमचे सहकारी ज्या पाच हजारांबद्दल बोलतायत, तो आकडा खरा आहे. पण त्यांनी तो चुकीच्या कामाला लावलाय. तिथूनच सुरुवात करतो, कारण माझ्या नोकरीत (आधी बांधकाम, नंतर नऊ वर्षं दक्षता विभाग) या एका गैरसमजापायी मी बरी माणसं अडकलेली पाहिली आहेत.

तुम्हाला लागू आहेत केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964. त्यातला नियम 13 भेटींचा. त्याचं पहिलंच वाक्य असं आहे की कर्मचारी स्वतः भेट घेणार नाही, कुटुंबीयांना घेऊ देणार नाही, आणि आपल्या वतीने दुसऱ्या कोणालाही घेऊ देणार नाही. म्हणजे "आईने घेतला, मी नाही" हा बचाव नियमाने आधीच बंद केला आहे. आईला माहीत नव्हतं हे खरं असेल. पण तुम्हाला कळलं त्या क्षणापासून तो डबा तुमचा झाला, आणि पुढे तुम्ही काय करता त्यावर सगळं ठरणार.

या पहिल्या वाक्याला पुढे अपवाद आहेत. लग्न, वाढदिवस, अंत्यविधी, धार्मिक कार्य अशा प्रसंगी, रीतीप्रमाणे, जवळच्या नातेवाइकांकडून किंवा ज्यांच्याशी कामाचा काही संबंध नाही अशा मित्रांकडून भेट घेता येते. तुमच्या गटाला तिची किंमत पंधरा हजारांच्या वर गेली की कळवावं लागतं. कंत्राटदार नातेवाईक नाही आणि कामाचा संबंध नसलेला मित्रही नाही, त्यामुळे हा दरवाजा तुमच्यासाठी नाहीच. दिवाळी हा सण आहे एवढ्याने काम होत नाही, देणारा कोण हेही बघितलं जातं. राहिला शेवटचा भाग : "इतर कोणत्याही बाबतीत" ठरावीक रकमेच्या वरची भेट सरकारच्या मंजुरीशिवाय घ्यायची नाही. ही रक्कम 2019 मध्ये वाढवून गट अ आणि ब साठी पाच हजार, गट क साठी दोन हजार केली. कँटीनमध्ये फिरणारा आकडा तो हाच.

आता हा आकडा काय सांगतो ते नीट बघा. पाच हजारांच्या वर मंजुरी लागते, एवढंच. त्याखालची प्रत्येक भेट स्वच्छ, असं तो म्हणत नाही. त्याच नियमांत नियम 3 आहे, सचोटी राखण्याचा, आणि त्याला किमतीची पायरी नाही. आणि हे सगळे झाले नोकरीचे नियम. फौजदारी कायदा त्याहून वेगळा आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, 1988 यात पाच हजार, दोन हजार, शंभर असा कुठलाही आकडा नाही.

त्या कायद्यातली दोन कलमं तुम्ही ओळखून घ्या, 7 आणि 11. सातवं सगळ्यांना माहीत असतं. 2018 च्या दुरुस्तीनंतर त्याचं रूप असं आहे की सरकारी काम गैररीतीने किंवा अप्रामाणिकपणे करण्याच्या हेतूने, किंवा तसं केल्याचं बक्षीस म्हणून, लोकसेवकाने काही लाभ घेतला तर तो गुन्हा. शिक्षा तीन ते सात वर्षं आणि दंड. लोकांना लाच म्हटल्यावर जे आठवतं ते हे. जाड थर दाखवून पातळ घालू द्यायचा आणि पाकीट घ्यायचं.

अकरावं कलम क्वचित कोणी वाचतं. तुमच्या डब्याचा प्रश्न मात्र तिथला आहे. ज्याचं काम तुमच्यापुढे आहे, होतं किंवा येण्याची शक्यता आहे, अशा माणसाकडून मोबदला न देता, किंवा अपुरा आहे हे माहीत असलेला मोबदला देऊन, तुम्ही लाभ घेतला तर तोच गुन्हा. तुम्ही काम चुकीचं केलंत हे सिद्ध करायला नको, करणार होतात हेही सिद्ध करायला नको. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं आणि दंड. लाभ म्हणजे पैसाच हवा असंही नाही. कायदेशीर पगार-भत्त्याबाहेरची कुठलीही गोष्ट त्यात येते, रुपयांत मोजता येवो न येवो.

हे कलम जुनं आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेत ते 165 व्या क्रमांकावर होतं आणि त्याखाली एक उदाहरण छापलेलं असे : एका कलेक्टरसमोर एका माणसाचं प्रकरण चालू आहे. कलेक्टर त्याच माणसाचं घर पन्नास रुपये महिन्याने भाड्याने घेतो, रास्त भाडं असतं दोनशे. प्रकरणाचा निकाल काय लागला, याबद्दल उदाहरणात एक अक्षर नाही. त्याची गरजही नाही, कारण निकालाशी कलमाला कर्तव्यच नाही. प्रकरण समोर असताना दीडशे रुपयांचा फायदा घेतला, इथे गुन्हा पूर्ण होतो. दीडशे वर्षांनी तुमच्या घरी दीडशे रुपयांच्या जागी निरांजनं आली आहेत आणि प्रकरणाच्या जागी आर.ए. बिल.

तेव्हा तुमच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर असं. भेट आणि लाच यांच्यातली रेघ वस्तूच्या किमतीवर नाही आणि तुमच्या मनातही नाही. ती तुमच्या टेबलावर आहे. त्या माणसाचं काम तिथे असेल किंवा येणार असेल, तर रेघ ओलांडलेली आहे. मग किंमत, वेळ, लपवाछपवी, मागणी यांवरून फक्त आपण रेघेच्या किती पलीकडे आहोत ते कळतं.

"मी मागितलं नाही" हा मुद्दा तुमच्या बाजूने मोठा आहे असं तुम्हाला वाटत असेल. नीतीने आहेच. कायद्याने तेवढा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर 2022 मध्ये नीरज दत्ता खटल्यात हे मोकळं करून सांगितलं : समोरच्याने न मागता देऊ केलं आणि लोकसेवकाने नुसतं घेतलं, तरी तो कलम 7 खालचा स्वीकार ठरतो. त्यावर कलम 20 आहे. लाभ घेतला एवढं सिद्ध झालं की तो कशासाठी घेतला याबद्दलचं गृहीतक तुमच्या विरुद्ध धरलं जातं, आणि ते खोडून काढणं तुमच्याकडे येतं. पूर्वी या कलमात एक झरोका होता. लाभ इतका क्षुल्लक असेल की त्यावरून भ्रष्टाचाराचा निष्कर्ष काढणं रास्त होणार नाही, तर न्यायालय असं गृहीत धरायला नकार देऊ शकत होतं. 2018 मध्ये कलम 20 नव्याने लिहिलं गेलं आणि तो झरोका गेला. "मिठाईच तर आहे" म्हणणाऱ्या ज्येष्ठांनी कायदा शिकला तो बहुतेक त्याआधीचा.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. काजूकतलीच्या डब्यावरून खटला उभा राहत नाही. चौकशी सुरू करायला काही प्रकरणांत पूर्वपरवानगी लागते, खटल्याला मंजुरी लागते, आणि दोन्ही देणारी माणसं शहाणी असतात. प्रत्यक्षात होतं ते वेगळंच. ते एका प्रकरणावरून सांगतो. माणूस आणि कार्यालय दोन्ही अनाम ठेवतो.

एक सहायक अभियंता होता. कामाला चोख, मोजमापात एक सेंटीमीटर इकडचं तिकडे होऊ देत नसे. सलग तीन दिवाळ्या त्याने एका कंत्राटदाराचा डबा घेतला. पहिल्या वर्षी मिठाई, दुसऱ्या वर्षी मिक्सर, तिसऱ्या वर्षी चांदीची वाटी. चौथ्या वर्षी त्याच कंत्राटदाराने केलेलं प्लास्टर त्याने नापास केलं, पोकळ वाजत होतं, तोडून पुन्हा करायला लावलं. पंधरा दिवसांत दक्षता विभागाकडे तक्रार आली. "हे साहेब आमच्याकडून दरवर्षी वस्तू घेतात, यंदा मागणी पुरी केली नाही म्हणून काम अडवलं." सोबत एका डायरीच्या पानांच्या झेरॉक्स.

ती पानं मी हातात घेऊन पाहिली आहेत. दर दिवाळीला एक पान. डाव्या बाजूला नाव नाही, पद. "ए.ई. – चांदी वाटी. जे.ई. – सुकामेवा 1 किलो. हेडक्लार्क – मिठाई 1 किलो. शिपाई – 500." उजवीकडे बरोबरची खूण आणि तारीख. मधल्या वर्षी एका कारकुनाची बदली झाली होती. त्याच्या पदाच्या ओळीपुढे नव्याचं आडनाव लिहिलेलं, वस्तू तीच. स्नेहापोटी दिलं होतं म्हणावं, तर बदलून गेलेल्या माणसाकडे पुढच्या दिवाळीला लाडूसुद्धा गेला नव्हता. भेट माणसाला नव्हती, खुर्चीला होती. ते पान समोर ठेवल्यावर त्या अभियंत्याने वाद घालणं सोडून दिलं.

त्याची तिन्ही वर्षांची मोजमापं आम्ही तपासली. एकही चूक निघाली नाही. मागणी केल्याचा पुरावाही नव्हता, ती बहुधा खोटीच होती. त्यामुळे फौजदारी झालं नाही. पण विभागीय चौकशीत संशयातीत पुरावा लागत नाही, शक्यता कुठे झुकते एवढं बघतात. तीन भेटी त्याने स्वतःच कबूल केल्या. दोन वेतनवाढी गेल्या आणि पदोन्नती लांबली. मला मात्र जास्त लागलं ते दुसरंच. ते पोकळ प्लास्टर. चौकशी चालू असताना त्याला त्या कामावरून बाजूला केलं गेलं, आणि ते प्लास्टर पुढे कोणी पास केलं, कसं केलं, त्याला विचारायची सोय उरली नाही. काम करून घेण्यासाठीच डबा देतात असं नाही. कधीतरी तुम्ही "नाही" म्हणाल, त्या दिवशी तुमचं तोंड बंद करता यावं म्हणूनही देतात.

आता तुमचा डबा.

मिठाई ठेवून चांदी परत करणं हा सगळ्यात वाईट मार्ग. त्याने तुम्ही लेखी सांगताय की अर्धी भेट मला चालते. सगळं परत जाईल. आधी डबा आहे तसा ठेवून फोटो काढा : आवेष्टन, त्यावरचं कार्ड, आतल्या वस्तू. सगळं बाहेर काढून तळापर्यंत बघा. सुकामेव्याच्या ट्रेखाली किंवा कार्डाच्या लिफाफ्यात रोख ठेवायची जुनी पद्धत आहे. रोख निघाली तर तिला हात लावू नका, मोजू नका, गुपचूप परतही पाठवू नका. मग हा साध्या भेटीचा मामला राहत नाही. लाच देणं हाही कलम 8 खाली गुन्हा आहे. त्याच क्षणी कार्यकारी अभियंत्यांना फोन करा आणि मुख्य दक्षता अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला लेखी कळवा, पुढचं ते ठरवतील.

रोख नसेल तर आजच, कार्यालय बंद असलं तरी, कार्यकारी अभियंत्यांना कार्यालयीन ईमेल पाठवा. भाऊबीज होऊन कार्यालय उघडेपर्यंत थांबू नका. परत करायची इच्छा होती हे नंतर कोणीही म्हणू शकतं, ईमेलवरची तारीख म्हणू देत नाही. मजकूर चार ओळींचा पुरे :

"दि. … रोजी सायंकाळी माझ्या अनुपस्थितीत … या कामाच्या कंत्राटदारांतर्फे माझ्या घरी पुढील वस्तू देण्यात आल्या : … . माझ्या आईने माहितीअभावी त्या स्वीकारल्या. त्यांपैकी काजूकतलीच्या चार वड्या नैवेद्यासाठी काढल्या गेल्या. सदर कामाचे दुसरे चालू देयक माझ्याकडे मोजमापासाठी प्रलंबित आहे. सर्व वस्तू मी कंत्राटदारास परत करीत आहे. माहितीसाठी सादर. सोबत छायाचित्रे."

नैवेद्याच्या वड्यांचं वाक्य काढू नका. लाज वाटेल, पण ठेवा. परत आलेल्या डब्यात चार वड्या कमी आहेत हे कंत्राटदाराने सांगण्याऐवजी तुम्ही सांगितलेलं बरं. आईला मात्र काही बोलू नका. दारात आलेल्या माणसाला दिवाळीच्या दिवशी रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, हे तिला लहानपणापासून माहीत आहे. पुढच्या वेळेसाठी फक्त एक वाक्य शिकवून ठेवा : "तो घरी नाही, मला काही घेता येत नाही, ऑफिसात भेटा."

परत कसं करायचं? कार्यालय उघडल्यावर, कार्यालयातच, सहायक अभियंत्यांच्या समोर. वस्तूंची यादी असलेल्या पत्राच्या दोन प्रती करा, एकीवर कंत्राटदाराची पोच घ्या, दोन्ही जावक नोंदवहीत चढवा. एकट्याने त्याच्या दुकानावर जाऊन काउंटरवर ठेवून येऊ नका. तसं परत केलेलं कोणी पाहिलेलं नसतं, घेतलेलं मात्र त्याच्या माणसाने पाहिलेलं असतं, आणि बरेचदा त्याच्या फोनमध्ये असतं. पोच द्यायला त्याने नकार दिला तर पत्रावर तसा शेरा मारून सहायक अभियंत्यांची सही घ्या आणि वस्तू कार्यालयाच्या ताब्यात द्या.

तो म्हणेल, "साहेब, सणासुदीला असं करता? अपमान होतो." यावर नियम ऐकवत बसू नका. त्याला मनापासून वाईट वाटलेलंही असू शकतं. वयाने मोठा असेल तर, "काका, राग मानू नका, तुमचं बिल माझ्याकडे आहे. हे माझ्या घरात राहिलं तर उद्या तुमचंच बिल अडचणीत येईल," एवढं म्हणा. हे खोटं नाही. त्याला पटेलही, कारण बिल ही गोष्ट त्याला आपल्यापेक्षा चांगली कळते.

बिल निघून गेल्यावर तो पुन्हा येईल, "आता तर काही राहिलं नाही ना साहेब?" राहिलेलं असतं. अंतिम बिल असतं, दोषदायित्व कालावधी असतो, त्यानंतर सुरक्षा ठेव सोडायची असते, आणि गच्ची पहिल्या पावसात गळली तर त्याला पुन्हा बोलावणारे तुम्हीच. कलम 11 मध्ये होतं, आहे आणि येण्याची शक्यता आहे हे तिन्ही येतात.

दिवाळीत कार्यालयात येणारा, सगळ्यांसमोर टेबलावर उघडून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे एकेक उचलतात तो मिठाईचा डबा, भिंतीवरचं कॅलेंडर, डायरी यांबद्दलही विचारलं जातं. नियम 13 खालच्या टिपेत सहज घडलेलं जेवण, गाडीतली लिफ्ट आणि किरकोळ सामाजिक आदरातिथ्य भेटीत धरलेलं नाही. वारंवारचं किंवा डोळ्यांत भरणारं आदरातिथ्य मात्र टाळायला सांगितलं आहे. उघडपणे वाटून खाल्लेली मिठाई मी स्वतः कधी चौकशीत घेतली नाही. पण तोच डबा कार्यालयाऐवजी घरी येतो, तेव्हा त्याला घराचा पत्ता कोणी दिला असेल याचा विचार करा. तुमच्या बाबतीतही हे शोधून काढा. बहुधा कार्यालयातल्याच कोणीतरी दिला आहे. आमच्या विभागात नंतर एक पद्धत पडली. नवरात्रातच कार्यकारी अभियंत्यांच्या सहीचं पत्र सगळ्या कंत्राटदारांना जायचं, की या कार्यालयातल्या कोणालाही कार्यालयात किंवा घरी भेट पाठवू नये. डबे पूर्ण थांबले नाहीत, पण कनिष्ठ मुलांना परत करताना हातात दाखवायला कागद आला. तुमच्या साहेबांना सुचवून बघा.

एक गोष्ट अजून, आणि ती लोक हमखास चुकवतात. डबा परत केला की काही जण आपण स्वच्छ आहोत हे दाखवायला त्या बिलावर बसतात. तीनदा मोजतात, नको तिथे शेरे मारतात, नाहीतर फाइल बाजूलाच ठेवतात. मग कंत्राटदाराची तक्रार तयारच असते : "डबा कमी पडला म्हणून परत केला, आता जास्त मागतायत." तेव्हा कार्यालय उघडल्याच्या आठवड्यात नेहमीच्या वेगाने साइटवर जा. मोजमापं त्याच्या प्रतिनिधीसमोर घ्या, मोजमाप पुस्तकात, म्हणजे एम.बी.त, त्याच दिवशी तारखेसह चढवा, त्याची सही घ्या, आणि सहायक अभियंत्यांना तपासणीसाठी पुढे पाठवा. गच्चीवर पाणी साठवून चाचणी घेतल्याशिवाय ती बाब बिलात धरू नका, पण ही चाचणी निविदेत असेल तरच. नसेल तर या कंत्राटदारासाठी वेगळी काढू नका.